वयस्कर माणसाचा मधुमेहातला नाश्ता, तोही कंटाळा न येऊ देता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आई ७६ वर्षांची आहे. मधुमेह जुना, सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या. गेली चार वर्षं तिचा नाश्ता मी बघते. सुरुवातीला माझ्याकडून चुका झाल्या, त्यातली एक चांगलीच अंगाशी आली. ओळखीच्या लोकांनी आणि नातेवाइकांनी मला परत परत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळ्यांचं आणि इन्सुलिनचं प्रमाण मात्र ज्याचं त्याने डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचं.

नाश्त्याचीच एवढी काळजी का? दिवसभराचं खाणं महत्त्वाचं नाही का?

आहे, पण सकाळची वेळ अवघड असते. पहाटे शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं आणि बऱ्याच मधुमेही लोकांमध्ये या वेळी इन्सुलिनचा परिणाम कमी पडतो. रात्री काही न खाताही सकाळची शुगर जास्त येते ती बहुतेकदा यामुळे. अशा वेळी पोटात गेलेली तीच वाटी दुपारच्या मानाने जास्त शुगर वाढवू शकते. त्यात नाश्ता म्हटलं की घरोघरी जे पदार्थ असतात ते बहुतेक पिठाचे, गोड किंवा दोन्ही. म्हणून जिथे सर्वांत जास्त फरक पडतो तिथून सुरुवात करायची.

नाश्ता ठरवायचा म्हणजे नेमकं काय ठरवायचं?

एकच गोष्ट पक्की करायची: पिष्ट आणि साखर मिळून किती ग्रॅम कर्बोदकं पोटात जाणार. बाकी सगळं रोज बदललं तरी चालतं. हा आकडा माणसागणिक वेगळा असतो. आईच्या आहारतज्ज्ञांनी नाश्त्याला ३० ते ३५ ग्रॅम सांगितले आहेत. कमी हालचाल असलेल्या बऱ्याच वयस्कर माणसांचा आकडा याच्याच आसपास निघतो, पण तो आपल्या माणसासाठी विचारून घ्या.

आकडा हातात आला की थोडी मापं पाठ होतात. पावाच्या एका मध्यम स्लाइसमध्ये साधारण १५ ग्रॅम. २५ ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये १७. २०० मिली दुधात १०. मध्यम सफरचंदात २०, केळ्यात २५ ते २७. अंड्यात जवळजवळ शून्य. चहात दोन चमचे साखर असेल तर ते ८ ते १० ग्रॅम याच हिशेबात येतात, आणि हेच सगळ्यांत जास्त विसरलं जातं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पहिले पंधरा दिवस वापरा. त्यानंतर डोळ्यांना अंदाज येतो. आमच्याकडे आता ओट्सच्या डब्यात एक छोटी वाटीच ठेवलेली आहे, ती सपाट भरली की २५ ग्रॅम. ती वाटी डब्याबाहेर निघत नाही, त्यामुळे घरातलं कुणीही नाश्ता केला तरी माप तेच राहतं.

उरलेल्या ताटात प्रथिनं आणि भाजी हवीच. वयानुसार स्नायू झिजतात, त्यामुळे वयस्कर माणसाला प्रथिनं तरुणापेक्षा कमी नाही, उलट थोडी जास्तच लागतात. नाश्त्यात १५ ते २० ग्रॅम प्रथिनं गेली तर पोटही दुपारपर्यंत टिकतं. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, एक वाटी दही म्हणजे साधारण ५.

आम्ही तर ओट्स देतो, तरीही शुगर वाढते. असं का?

हेच आमच्याकडे झालं होतं, म्हणून तो नाश्ता जसाच्या तसा मांडते. दोन मिनिटांत होणारे झटपट ओट्स ५० ग्रॅम, २०० मिली दूध, कुस्करलेलं एक केळं आणि वरून मोठा चमचाभर मध. दिसायला अगदी पथ्याचं. हिशेब केला तर ओट्सचे ३३, दुधाचे १०, केळ्याचे २७ आणि मधाचे १७, म्हणजे ८७ ग्रॅम कर्बोदकं. तीन जणांचा वाटा एका वाडग्यात. खाण्याआधी आईची शुगर १२६ होती, दोन तासांनी २३८.

यात दोष एकट्या ओट्सचा नव्हता, पण ते निर्दोषही नव्हते. झटपट ओट्स बारीक कापून आधी वाफवलेले असतात, ते पोटात लवकर विरघळतात. जाड चपटे ओट्स किंवा धान्याचे नुसते तुकडे केलेले ओट्स हळू पचतात. धान्य जितकं बारीक, तितकी शुगर चटकन वर जाते. कुठलंही पीठ आणि भरड यांतला फरक याच नियमाने कळतो.

मग वाडगा असा बदलला: जाड ओट्स २५ ग्रॅम, अर्धं पाणी आणि १०० मिली दूध घालून दाट शिजवलेले, वर अर्धं सफरचंद सालासकट बारीक चिरून, आठ बदाम, दालचिनीची चिमूट आणि बाजूला दोन उकडलेली अंडी. कर्बोदकं ३५ ग्रॅमच्या आत, प्रथिनं वीसच्या जवळ. आधी १२१, दोन तासांनी १६८. आईला वाडगा छोटा वाटला, पण भूक एकदम दुपारच्या जेवणालाच लागली.

कर्बोदकं कमी केली की झालं, असंच ना?

नाही, आणि माझी मोठी चूक इथेच झाली. मी वाडगा बदलला, पण डॉक्टरांना कळवलं नाही. ८७ ग्रॅमच्या नाश्त्यासाठी ठरलेली गोळी आता ३५ ग्रॅमच्या नाश्त्यावर चालू राहिली. चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास आई खुर्चीत बसून होती. मी दोनदा विचारलं, "आई, पाणी देऊ का?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ते कपाट बंद कर." कपाट बंदच होतं. घाम नव्हता, हात थरथरत नव्हते. मीटर लावला तर ६१.

७० च्या खाली म्हणजे शुगर लो. चार छोटे सपाट चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर ९४. मग थोडं खायला दिलं. पंधरा मिनिटांनीही ७० च्या खालीच असतं तर तेवढीच साखर परत द्यायची. त्याच दिवशी फोन केला आणि डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली.

तरुण माणसाला शुगर लो झाली की घाम, धडधड, भूक अशी लक्षणं येतात. वयस्कर माणसात ती कित्येकदा दिसतच नाहीत. त्याऐवजी गोंधळलेलं बोलणं, गप्प होणं, तोल जाणं, चिडचिड दिसते, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर आणखी दबते. माणूस गुंगीत असेल, नीट गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर नाश्त्यातली कर्बोदकं कमी करण्याच्या आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका फार कमी असतो. अकार्बोज घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: ती गोळी साध्या साखरेचं पचन लांबवते, त्यामुळे शुगर लो झाली तर साखरेऐवजी ग्लुकोजच द्यावं लागतं. त्याची पावडर किंवा गोळ्या घरात ठेवा.

रोज तेच तेच लागतं, असं म्हणतात. पदार्थ तरी किती बदलायचे?

पदार्थ फार बदलावे लागत नाहीत. आधी कंटाळा कशाचा येतो ते बघा. वय वाढलं की वास मंदावतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. कित्येक औषधांनी तोंड कोरडं पडतं. मेटफॉर्मिनने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. अशा तोंडाला मऊ, कोमट, पांढरट वाडगा रोज मिळाला तर त्यात काय घातलंय याने काही फरक पडत नाही, सगळं सारखंच लागतं. मी एक आठवडा ओट्सवरची फळं बदलत राहिले आणि आईने ओळखलंही नाही.

तिला कळलं ते वेगळ्याच दिवशी. ओट्स पाण्यात शिजवून त्यात परतलेला कांदा, टोमॅटो, आलं आणि मिरपूड घातली, उतरवताना लिंबू पिळलं आणि वाढताना वर भाजलेले शेंगदाणे भरडून टाकले. झाकण तिच्यासमोर काढलं. वाफ तोंडावर आली तशी ती म्हणाली, "अगं, हे आज काय नवीन?" ओट्स तेच, माप तेच, डबा तोच.

तेव्हापासून मी चार गोष्टी हलवत राहते: आंबटपणा, कुरकुरीतपणा, वास आणि गरम-गार. कालचा नाश्ता मऊ आणि गरम असेल तर आज गार दह्यात काकडी आणि सोबत कडक भाजलेला टोस्ट. लिंबू, आलं, लसूण, मिरपूड, भाजलेलं जिरं, पुदिना, कोथिंबीर यांनी शुगर वाढत नाही आणि मीठही कमी घालता येतं. रक्तदाब असणाऱ्यांना याचा दुहेरी उपयोग होतो. कुरकुरीत वस्तू अगदी शेवटी घाला, आणि वास येणारी वस्तू झाकण काढतानाच. आधी घालून ठेवलेली कोथिंबीर कुणाच्याच नाकापर्यंत पोहोचत नाही.

आठवड्याचं काही नमुनादाखल सांगाल का?

आमच्याकडे तीन पाये आहेत आणि तेच फिरतात. ओट्स, कधी खारे कधी फळाचे. डाळीच्या पिठाचं धिरडं. आणि पाव-अंडं. आठवड्यातून प्रत्येकी दोनदा. सातवा दिवस आईचा.

धिरड्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण वयस्कर माणसासाठी मला ते सगळ्यांत सोयीचं वाटतं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ ४० ग्रॅम घेतलं तर कर्बोदकं साधारण २३ ग्रॅम आणि प्रथिनं ९ ग्रॅम मिळतात. तितक्याच गव्हाच्या पिठात कर्बोदकं जवळजवळ ३० ग्रॅम जातात आणि प्रथिनं कमी मिळतात. शिवाय डाळीतलं पिष्ट हळू पचतं. पिठाइतक्याच मापाची किसलेली भाजी घाला: कोबी, गाजर, दुधी, पालक, जे असेल ते. भाजीने धिरडं मऊ राहतं, घशात कोरडं अडकत नाही आणि आकार मोठा दिसतो. ताट भरलेलं दिसणं फार महत्त्वाचं असतं, अर्धी रिकामी बशी समोर आली की माणसाला पथ्य टोचतं. एका दिवशी पालक आणि लसूण, दुसऱ्या वेळी गाजर आणि आलं, सोबत घट्ट दह्याची वाटी. पीठ भिजवून पंधरा मिनिटं ठेवा आणि मंद आचेवर झाकून शिजवा, नाहीतर आतून कच्चं राहतं आणि पोट फुगतं. फसलं की नाही ते मधोमध बोट दाबून कळतं: बोटाला चिकटलं तर अजून दोन मिनिटं.

पाव-अंड्याच्या दिवशी दोन स्लाइस म्हणजे ३० ग्रॅम, त्या दिवशी फळ नाही. पाव अख्ख्या धान्याचा हवा, पण पाकिटावरचा रंग बघून नाही तर घटकांची यादी वाचून घ्या. यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर तपकिरी रंगाला काही अर्थ नाही.

सातव्या दिवशी काय असतं?

तिला हवं ते. गोडसुद्धा. फक्त तीन गोष्टी पाळतो. माप तेच, म्हणजे गोड पदार्थ त्याच ३० ते ३५ ग्रॅममध्ये बसवायचा, वरून जास्तीचा नाही. आधी अंडं किंवा दही आणि भाजी खायची, गोड शेवटी. प्रथिनं आणि भाजी आधी गेली की तेच पिष्ट शुगर कमी वाढवतं. आणि त्या दिवशी खाल्ल्यावर पंधरा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या. हा दिवस सुरू केल्यापासून आईचं चोरून बिस्किटं खाणं जवळजवळ थांबलं. माझ्या मते ही सवलत नाही, नियोजनाचाच भाग आहे.

साखरेऐवजी गूळ, मध, खजूर चालतील का?

शुगरच्या हिशेबात तिन्ही साखरच. चमचाभर मध चमचाभर साखरेइतकाच नाही, थोडा जास्तच धरा. गोडवा कमी करायचा तर दालचिनी, वेलची, व्हॅनिला यांचा वास कामी येतो, कारण गोड वासाने पदार्थ आहे त्यापेक्षा गोड लागतो. कृत्रिम गोडी अगदी थोडी वापरायला हरकत नाही. मात्र "शुगर फ्री" बिस्किटात मैदा असतोच, तो मोजायचा राहून जातो.

फळांचा रस?

नको. २०० मिली संत्र्याच्या रसात २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि चोथा जवळजवळ नसतो. अख्खं संत्रं द्या. रस फक्त शुगर लो झाल्यावर उपयोगी.

दात नाहीत, चावता येत नाही. मग सगळं वाटूनच द्यावं लागतं.

मऊ शिजवणं आणि बारीक वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वाटलेलं पिष्ट भराभर पचतं, मऊ शिजवलेलं अख्खं धान्य तेवढं नाही. म्हणून जाड ओट्स रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवा, मिक्सरला लावू नका. अंडं उकडण्याऐवजी दुधात फेटून मंद आचेवर मऊ परता. सफरचंद वाफवा. शेंगदाण्यांऐवजी दाण्याचं कूट किंवा साखर नसलेलं पीनट बटर एक चमचा. कुरकुरीतपणाची जागा अशा वेळी आंबटपणा आणि वास घेतात.

खाताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज घोगरा होत असेल किंवा खाणं तोंडात साठून राहत असेल तर ती दातांची गोष्ट नाही. गिळण्याची तपासणी करून घ्या आणि तोवर काय किती पातळ द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

एखादा नाश्ता चालतो की नाही, हे कसं ओळखायचं?

मीटरने, आणि दोन आकड्यांनी. पहिल्या घासाआधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा. दोन तास शेवटच्या घासापासून मोजले तर आकडा कमी येतो आणि आपण उगाच खूश होतो. एकाच नाश्त्याची जोडी वेगवेगळ्या तीन दिवशी घ्या, कारण झोप, दुखणं, बद्धकोष्ठता, सर्दी यांनीही शुगर हलते. एका वेळी एकच गोष्ट बदला.

तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. एकदा आईचा आकडा २९० आला आणि मी हादरले. तिने नुकतंच संत्रं सोललं होतं. हात धुऊन पुन्हा बघितलं तर १५४.

दोन तासांनी १८० च्या आत, हे बऱ्याच प्रौढांसाठी वापरलं जाणारं उद्दिष्ट आहे. वय जास्त असेल, इतर आजार असतील, विसरभोळेपणा असेल तर डॉक्टर मुद्दाम सैल मर्यादा ठेवतात, कारण त्या वयात शुगर लो होऊन पडणं जास्त घातक असतं. शेजारच्या काकांचा आकडा आपल्या आईला लावू नका.

गोळ्या नाश्त्याच्या आधी की नंतर?

मेटफॉर्मिन खाताना किंवा खाल्ल्याबरोबर, म्हणजे मळमळ कमी होते. ग्लिमेपिराइड नाश्ता समोर आल्यावरच. गोळी घेतली आणि मग "आज भूक नाही" असं झालं तर पंचाईत होते. ज्या दिवशी खाणं होणार नाही त्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लावा. थायरॉइडची गोळी असेल तर ती उठल्याउठल्या पाण्याबरोबर आणि नाश्ता त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हेच चालेल?

जसंच्या तसं नाही. प्रथिनं, पोटॅशियम, फॉस्फरस यांची मर्यादा येऊ शकते, आणि वर सांगितलेली डाळ, दही, शेंगदाणे, बदाम सगळी त्यात येतात. नेफ्रॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद हाच आधार.

अर्धा नाश्ता तसाच टाकतात. काय करावं?

आधी वजन बघा. दर महिन्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी. सहा महिन्यांत वजनाचा विसावा भाग, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, प्रयत्न न करता उतरले असतील तर पथ्य सैल करून डॉक्टरांकडे जायला हवं. या वयात भूक मरणं हा स्वतंत्र आजार समजून बघावा लागतो.

वजन ठीक असेल तर नाश्ता दोन भागांत द्या. आठ वाजता अंडं आणि एक स्लाइस, साडेदहाला दही आणि अर्धं फळ. एकूण माप तेच. गोळी कुठल्या भागाबरोबर घ्यायची ते मात्र विचारून घ्या. आणि टाकलेलं काय आहे ते बघा. आई तीन दिवस धिरड्याची कड टाकत होती. मला वाटलं पोट भरलं, म्हणून मी धिरडं लहान केलं. नंतर कळलं की कवळी सैल झाली होती आणि कडक कड टोचत होती. आता धिरडं तव्यावरून काढलं की दोन मिनिटं झाकून ठेवते, वाफेने कड मऊ पडते, आणि बशी रिकामी परत येते.